१० लाखांत सेकंड हँड : १.० टर्बो घ्यावी की १.५ बिनटर्बो? (पुढची ८-१० वर्षं ठेवायची आहे)

आंबाघाट_प्रवासी
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरला असतो, आईवडील रत्नागिरीला. दर पंधरवड्याला मलकापूर-आंबा-साखरपा असा फेरा असतो, गाडीत बहुतेक वेळा चार माणसं आणि डिकीभर सामान. वर्षाला साधारण १५,००० किमी होतात. बजेट सगळं मिळून १० लाख, फार तर २५ हजार इकडेतिकडे. कर्ज काढायचं नाही.

दोन गाड्यांवर येऊन थांबलोय. पहिली २०२२ ची टायगुन १.० टीएसआय मॅन्युअल, ४१ हजार किमी, मालक ९.४० सांगतोय. दुसरी २०२३ ची एलिव्हेट १.५ मॅन्युअल, २८ हजार किमी, १०.२५ सांगतोय. कागदावर ताकद जवळपास सारखी, ११५ पीएस आणि १२१ पीएस. टॉर्कमध्ये मात्र फरक आहे. टायगुनचा १७८ न्यूटन मीटर १७५० आरपीएमपासून मिळतो, एलिव्हेटचा १४५, तोही ४३०० ला.

कुठली चालवायला मजेशीर हा माझा प्रश्न नाही. वॉरंटी संपल्यावर, म्हणजे पुढच्या आठेक वर्षांत, टर्बोमुळे नेमकी कुठली बिलं येतात जी बिनटर्बो इंजिनात येत नाहीत? ज्यांनी स्वतः भरली आहेत त्यांनी आकड्यासकट सांगावं. नवी गाडी, डिझेल आणि ईव्ही सुचवू नये ही कळकळीची विनंती.

रोडकिंग_पिंचि
१० लाख खर्च करताच आहात तर थोडं वाढवून नवी स्ट्राँग हायब्रिडच घ्या की. १७-१८ पर्यंत येईल. मायलेजमध्ये पैसे वसूल. मी घेतली, पेट्रोल पंपवाला ओळख विसरला.

आंबाघाट_प्रवासी
थोडं म्हणजे ७-८ लाख का हो?

जुनीजाणती_सेदान
माझी २००९ ची १.५ लिटरची सेदान. २ लाख ३० हजार किमी झालेत, इंजिनाचं झाकण आजवर उघडलेलं नाही. ऑइल, फिल्टर, प्लग, दोनदा क्लच, एकदा रेडिएटर, संपलं. ९९९ सीसीच्या तीन सिलिंडरमधून ११५ घोडे काढायचे आणि ते दहा वर्षं टिकावेत अशी अपेक्षा धरायची, याला काय म्हणावं? इंजिनाला जेवढं पिळाल तेवढं ते लवकर म्हातारं होणार. डोळे झाकून १.५ घ्या.

बूस्टभाऊ
टर्बोचं आयुष्य १ लाख किमी असतं. त्यानंतर ती जाणारच, आणि गेली की लाखाचा फटका. शिवाय गाडी थांबवल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं आणि मगच बंद करायचं, नाहीतर आतलं ऑइल जळून बेअरिंग धरतं. कॉलेजात असताना मामांची डिझेल एसयूव्ही होती, त्यांनी हे शिकवलेलं. बायकोला हे रोज सांगणार कोण? म्हणून मी बिनटर्बोच घेतली.

मुग्धा_पुणे
बायकोलाच सांगावं लागतं असं का वाटलं बूस्टभाऊ? असो.

माझा अनुभव लिहिते, कारण प्रश्न बिलाचा आहे. माझीही १.० टर्बो पेट्रोल आहे, कंपनीचं नाव घेत नाही. ७० हजारांच्या पुढे एके दिवशी खंबाटकीत गाडी एकदम मलूल झाली. चालत होती, पण जोर गेला, पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, P0299 आला. दुसऱ्या दिवशी एस्टिमेट हातात : नवी टर्बो, गॅस्केट, ऑइल, मजुरी मिळून ९२ हजार. "मॅडम, टर्बो बूस्ट देत नाहीये, बदलावीच लागेल."

नवऱ्याच्या ओळखीच्या एका बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली. त्या माणसाने टर्बोला हातही लावला नाही. आधी इनटेकच्या पाइपांत धूर सोडला. इंटरकूलरच्या बाजूचा रबरी पाइप क्लिपच्या बरोबर खाली, जिथे वरून दिसतच नाही, तिथे बोटभर चिरला होता. धूर भसाभस बाहेर. पाइप, दोन क्लिपा आणि मजुरी मिळून ३,८०० रुपये. त्यानंतर आजपर्यंत काही नाही.

जुनीजाणती_सेदान
म्हणजे माझ्या गाडीत तो पाइपच नाही, त्यामुळे तो फाटतही नाही. मुद्दा सिद्ध.

स्पॅनर_मिरज
वीस वर्षं गॅरेज आहे माझं, आधी डिझेल, आता निम्म्या पेट्रोल टर्बो येतात. मुग्धाताईंनी लिहिलं ते आमच्याकडं दर महिन्याला बघायला मिळतं. P0299 चा अर्थ एवढाच, की इंजिनाला जेवढी दाबाची हवा पाहिजे होती तेवढी पोचली नाही. का पोचली नाही ते स्कॅनर सांगत नाही. ते माणसानं शोधायचं असतं.

मी कुठल्या क्रमानं बघतो ते सांगतो. आधी पाइप आणि क्लिपा. सांध्याभोवती ताजं तेलकट दिसलं आणि त्यावर धूळ चिकटलेली असली की तिथून हवा सुटतेय हे नक्की. मग वेस्टगेटचा, म्हणजे टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा, अ‍ॅक्च्युएटर. नव्या गाड्यांत ती इलेक्ट्रिक मोटर असते, तिचा दांडा अडकतो किंवा मोटर मरते. काही गाड्यांत ती सुटी मिळते, काहींना कंपनी पूर्ण टर्बोच घ्यायला लावते. खरेदीआधी विचारून घ्यायची गोष्ट हीच आहे, आणि विचारतं कुणीच नाही. शेवटी टर्बो. पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवायचा. वरखाली किंचित हलला तर घाबरायचं काही नाही, तेवढी जागा ऑइलच्या थरासाठी ठेवलेलीच असते. पण आतबाहेर सरकला, किंवा पात्यांची टोकं घरावर घासल्याची चकाकी दिसली, तर मात्र ती गेली.

पाइपात तेलाचा पातळ थर दिसला म्हणून टर्बो गेली म्हणणारेही आहेत. थोडं तेल क्रँककेसच्या वाफेतून येतंच. ओंजळभर साठलं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि बूस्टभाऊ, १ लाखाला टर्बो जातेच असं काही नाही. २ लाखांच्या बघितल्यात आणि ६० हजारांत गेलेल्याही. ६० हजारवाल्यांत ऑइलची कथा ठरलेली असते.

बूस्टभाऊ
दोन मिनिटांच्या आयडलिंगबद्दल काही बोलला नाहीत म्हणजे ते बरोबर आहे.

स्पॅनर_मिरज
निम्मं. जुन्या डिझेलच्या टर्बोला थंड करायला फक्त ऑइल असायचं, तेव्हा ते बरोबर होतं. आजच्या पेट्रोल टर्बोला बहुतेक ठिकाणी पाणीही फिरतं आणि इंजिन बंद केल्यावरही छोटा पंप नाहीतर पंखा काही वेळ चालू राहतो. गावातून सावकाश येऊन पार्किंगमध्ये दोन मिनिटं घुरघुरत उभं राहणं म्हणजे नुसतं पेट्रोल जाळणं. पण पूर्ण घाट दाबून चढून वर चहाच्या टपरीवर थांबलात तर तिथं मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. आणि बंद गाडीतून पंख्याचा आवाज येतोय म्हणून बॅटरीची वायर काढू नका. तसं करणारं गिऱ्हाईक मी बघितलंय.

मी_सीएनजीवाला
टर्बोला सीएनजी बसतो का?

रोडकिंग_पिंचि
नेक्सॉनमध्ये कंपनीच देते की टर्बो सीएनजी, २०२४ पासून. हायब्रिडला तोड नाही पण.

मी_सीएनजीवाला
नाही, बाहेरून बसवायचा विचारत होतो.

स्पॅनर_मिरज
डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीला बाहेरून बसवू नका. सीएनजीवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर थंड राहत नाहीत, त्यांची टोकं सिलिंडरच्या आतच असतात. इंजेक्टरचा एक सेट बदलला की गॅसवर वाचवलेलं सगळं परत जातं. एवढंच, धागा भरकटतोय.

सत्यशोधक_४२०
सगळे मूळ मुद्दा टाळताय. ई२०! २०% इथेनॉलने रबराचे सगळे पाइप खाल्ले जाणार आहेत. टर्बो असो की नसो, दहा वर्षं कुठलीच गाडी टिकणार नाही.

अभय_ठाणे
झालं, आला ई२०. मुग्धाताईंचा फाटलेला पाइप हवेचा होता सत्यशोधक, त्यात पेट्रोल नसतंच. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने मायलेज घटतं हे खरं, पण त्याने ऑक्टेन वाढतो आणि टर्बोला तो हवाच असतो. २०२२ ची गाडी ई२० साठी आहे का हे मॅन्युअलमध्ये बघायचं, तेवढं धागालेखकाने जरूर करावं.

सत्यशोधक_४२०
मॅन्युअल लिहिणारे कोण? कंपनीवाले. चालू द्या.

माइन_किनारा
फ्रँकफुर्टहून. इथे १ लिटर टीएसआय गल्लोगल्ली दिसतात. माझ्या आधीच्या गाडीत हेच इंजिन होतं, १ लाख ८० हजार किमीला विकली, टर्बो मूळचीच होती. इथे लाँगलाइफ ऑइलवर दोन वर्षं किंवा ३०,००० किमीची मुभा असते आणि मी ती पूर्ण वापरली. भारतात कंपनी मुळात १५,००० सांगते, त्यामुळे तिथे आधीच काळजी घेतलेली आहे. ७,५०० ला ऑइल बदला सांगणारे सल्ले म्हणजे गॅरेजचा धंदा वाटतो मला, राग नसावा.

स्पॅनर_मिरज
राग नाही. पण तुमचं ऑटोबान आणि आमचं शिरोळ नाक्यावरचं ट्रॅफिक एक नाही. मे महिना, ४० डिग्री, एसी, पहिला-दुसरा गिअर, आणि उसाच्या ट्रॉलीची धूळ. मीटरवर ५०० किमी दिसतात, पण इंजिन किती तास चाललं ते मीटर दाखवत नाही. छोट्या टर्बोत चारेक लिटर ऑइल असतं आणि तेच टर्बोच्या बेअरिंगमधून जातं. १५,००० ला काढलेलं ऑइल मी रोज बघतो, काहींचं चांगलं असतं, काहींचं डांबरासारखं. दुसऱ्या प्रकारात आपली गाडी आहे की नाही हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मी ७,५०० सांगतो. तुम्ही १०,००० म्हणा, भांडणार नाही. १५,००० ला आमच्या भागात मी तरी हो म्हणणार नाही.

माइन_किनारा
प्रयोगशाळेत ऑइल तपासून घेतल्याशिवाय याला काही अर्थ नाही. पण ठीक.

आंबाघाट_प्रवासी
सर्वांचे आभार, सत्यशोधक यांचेही. स्पॅनरदादा, दोन प्रश्न. एक, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये कार्बन साठतो असं वाचतोय, ते खरंच महागात पडतं का? दोन, माझा वापर मुख्यतः घाटाचा. मग टर्बोवर जास्त ताण येणार की १.५ वर?

स्पॅनर_मिरज
कार्बनचं आधी सांगतो. एलिव्हेटसारख्या साध्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, त्यामुळं व्हॉल्व्ह येताजाता धुतला जातो. टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये. मग व्हॉल्व्हच्या पाठीवर क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ बसते आणि भाजून काळी खरपुडी होते. लक्षण असं, की सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर गाडी मिनिटभर थरथरते, कधी एखादा सिलिंडर मिसफायर दाखवतो, आणि गरम झाली की सगळं ठीक. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या बाटल्या यावर काहीच करू शकत नाहीत, कारण ते पेट्रोल त्या व्हॉल्व्हपर्यंत जातच नाही. सर्व्हिस सेंटरवाले ७०० रुपयांची बाटली लावतील, नको म्हणा.

खरा उपाय म्हणजे मॅनिफोल्ड उतरवून हातानं खरवडणं, नाहीतर अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेनं मारणं. माझ्याकडं तीन सिलिंडरला १० ते १२ हजार पडतात. कधी लागेल ते सांगता येत नाही. ८० हजारांवर लागलेल्याही आल्या, सव्वा लाखाची एक मागच्या महिन्यात उघडली तर बऱ्यापैकी स्वच्छ होती. ती गाडी रोज हायवेला पळायची.

आता घाट. इथं लोक उलटं समजतात. टर्बो घाटात मजेत चढते, तिला ताण नाही. ताण ड्रायव्हर देतो. १७५० पासून टॉर्क आहे म्हटल्यावर माणूस चौथा गिअर सोडत नाही. १५०० आरपीएम, चार माणसं, चढ, आणि पाय तळापर्यंत. त्या वेळी सिलिंडरमध्ये दाब प्रचंड असतो आणि पिस्टन मात्र सावकाश हलतो. मिश्रणाला ठिणगीच्या आधीच पेट घ्यायला वेळ मिळतो. एकच ठोका ऐकू येतो, हातोडी मारल्यासारखा, आणि कधी तेवढ्यात पिस्टनची रिंगजवळची कड तुटते. मग इंजिन उघडणं आलं. हा आजार छोट्या टर्बो पेट्रोलचा खास आहे. बिनटर्बो १.५ अशा वेळी नुसती कुरकुरते आणि मागं पडते.

म्हणून घाटात गिअर खाली टाका, २२००-२५०० च्या वर ठेवा, मग खुशाल दाबा. आणि ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं बघून घ्या. तो दर्जा २०२० मध्ये आला, त्यात याच आजाराची चाचणी धरलेली आहे. कंपनीनं सांगितलेला स्वतःचा नंबर असेल तर तो आधी. दोनशे रुपये वाचवायला कुठलंही घट्ट ऑइल ओतू नका.

जुनीजाणती_सेदान
म्हणजे गिअर कधी टाकायचा, ऑइल कुठलं, चहाला कसं थांबायचं, हे सगळं शिकून गाडी चालवायची! आमच्या गाडीला फक्त चावी लागते.

अभय_ठाणे
+१ जुनीजाणती. पण तुमची गाडी चार माणसं घेऊन आंबा घाट कुठल्या गिअरात चढते तेही सांगा.

जुनीजाणती_सेदान
दुसऱ्यात. मग? चढते ना.

कोथरूडकर_काका
एक दुरुस्ती करू इच्छितो. इथे सगळे "बिनटर्बो म्हणजे बिनखर्चाचं" असं गृहीत धरून चाललेत. माझ्याकडे अजून इकोस्पोर्ट आहे, १.५ पेट्रोल, टर्बो नसलेली. तिचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला चालतो. चुकीचं किंवा म्हातारं ऑइल राहिलं तर बेल्टचा चुरा होऊन ऑइल पंपाच्या जाळीत जाऊ शकतो, म्हणून मी ऑइलच्या बाबतीत टर्बोवाल्यांपेक्षा कडक असतो. बेल्ट बदलायचं काम स्वस्त नाही आणि जाणकार माणूस शोधावा लागतो. तेव्हा टर्बो आहे का एवढंच न विचारता चेन आहे की बेल्ट, बेल्ट कोरडा की ओला, हेही विचारावं.

मुग्धा_पुणे
हे माहीत नव्हतं काका. मग या दोघींमध्ये काय आहे?

स्पॅनर_मिरज
काकांचा मुद्दा चोख. एलिव्हेटला चेन आहे. टायगुनच्या १.० ला बेल्ट आहे, पण कोरडा. त्याच्या वेळापत्रकासाठी कंपनीचं पुस्तक बघा. मी सेकंड हँड गाडीत वयही धरतो, नुसते किमी नाही. बेल्ट, टेन्शनर आणि त्याच वेळी पाण्याचा पंप मिळून बाहेर २० हजारांच्या आसपास धरून चाला.

धागालेखकाला आकडे पाहिजे होते, तर कच्चा हिशेब मांडतो. ८ वर्षं, १ लाख २० हजार किमी. माझे दर मिरजेचे आहेत, पुण्यात वाढवून घ्या.

ऑइल आणि फिल्टर एका वेळी ४,५०० धरा. १.५ ला दर १०,००० ला, म्हणजे १२ वेळा. टर्बोला ७,५०० ला, म्हणजे १६ वेळा. चार जास्तीचे, १८ हजार. कार्बन एकदा, १२ हजार. बेल्ट एकदा, २० हजार. पाइप, क्लिपा, एखादा प्रेशर सेन्सर, १० हजार. झाले ६० हजार, हे टर्बो शाबूत राहिली तर. टर्बो गेलीच तर नवी ८०-९० हजार. आतला कोअर बदलून मिळत असेल तर निम्म्याच्या आत बसतं, पण बॅलन्स करणारा माणूस खात्रीचा पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांत शिट्टी वाजवत परत येते. म्हणजे वाईटात वाईट दीड लाख जास्त. बाकी क्लच, सस्पेन्शन, एसीचा कॉम्प्रेसर, यांना टर्बो आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही, ते दोघींनाही लागणार.

मला विचाराल तर दहा वर्षं ठेवायची असेल तर १.५ घ्या. माझं गिऱ्हाईक कमी होईल, पण खरं तेच आहे.

अभय_ठाणे
हिशेबात पेट्रोल राहिलं. टर्बोने हायवेला किमीभर जरी जास्त दिलं, १५ च्या जागी १६, तर १ लाख २० हजार किमीला ५०० लिटर वाचतात. १०५ च्या दराने साडेबावन्न हजार. तुमचे ६० हजार तिथेच जवळपास भरून निघतात.

स्पॅनर_मिरज
दिलं तर. घाटात दाबून चालवणाऱ्याला टर्बो १२ पण देते. माझ्याकडं दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं आहेत, त्यामुळं ही बाजू मी कोरी सोडली.

बूस्टभाऊ
मी आधीच म्हटलं होतं लाखाचा फटका. स्पॅनर दीड लाख म्हणतात. मी तरी कमीच सांगितला.

रोडकिंग_पिंचि
दीड लाख दुरुस्तीत घालायचे तेच हायब्रिडच्या डाउन पेमेंटला घातले असते तर... बघा बुवा.

आंबाघाट_प्रवासी
अपडेट. दोन्ही गाड्या घाटात नेऊन आणल्या, मालकांना शेजारी बसवून.

एलिव्हेट शांत, गुळगुळीत, इंजिन ऐकत राहावं असं. पण साखरप्याहून वर येताना एसी आणि चार माणसांसह तिसऱ्यात दम लागत होता, दुसऱ्यात टाकून ओढावी लागत होती. टायगुन तिसऱ्यात आरामात आली. आई मागे बसली होती, तिला गाडीपेक्षा वळणांचीच जास्त चिंता होती.

मग टायगुन मिरजेला नेली. स्पॅनरदादांनी जे केलं ते इतरांच्या कामी येईल म्हणून लिहितो. आदल्या रात्री गाडी त्यांच्याकडे ठेवायला लावली, म्हणजे सकाळी पूर्ण थंड इंजिन चालू करून बघता येतं. थरथर नव्हती, सायलेन्सरमधून निळा धूर नव्हता. स्कॅनरवर एरर एकही नाही, पण त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. रेडिनेस बघितला, म्हणजे गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या घेते त्या पूर्ण झाल्यात का ते. कुणी आदल्या दिवशी एरर पुसून टाकल्या असतील तर त्या चाचण्या "अपूर्ण" दिसतात म्हणे. सगळ्या पूर्ण होत्या. सर्व्हिसची बिलं तारखेसकट जुळवली. दोन सर्व्हिसमध्ये सोळा महिन्यांची एक फट निघाली, लॉकडाउन वगैरे कारणही लागू नव्हतं. पाइपाच्या एका सांध्यावर तेलाचा ओलसर डाग निघाला, क्लिप बदलावी लागेल म्हणाले.

या दोन गोष्टींवर बोलणं लावून ९.१५ ला ठरली. घेतली.

स्पॅनरदादांनी, जुनीजाणतींनी १.५ सांगितली होती, त्याबद्दल क्षमस्व. माझा हिशेब असा, की एलिव्हेटवाला १०.२५ वरून खाली यायला तयार नव्हता. मधले १ लाख १० हजार मी वेगळी एफडी करून ठेवतोय, नाव "टर्बो". गेली तर त्यातून भरेन. दीड लाखाचा वाईट दिवस आला तर ४० हजार खिशातून. महिन्यातून चार वेळा दुसऱ्या गिअरात आरडाओरडा ऐकण्यापेक्षा मला हे परवडतं.

स्पॅनर_मिरज
क्षमस्व कशाला, गाडी तुमची. सोळा महिन्यांची फट मात्र मला अजून खटकतेय. त्या काळात गाडी उभी होती की त्याच ऑइलवर पळत होती, ते मालकानं नीट सांगितलं नाही. आत्ताचं ऑइल किमी न बघता टाकून द्या, फिल्टरसकट. नंतरचं ५,००० ला काढू, आणि फिल्टर कापून आत काय आहे ते बघू. तोवर १८०० च्या खाली दाबायचं नाही.

जुनीजाणती_सेदान
अभिनंदन. चार वर्षांनी याच धाग्यावर भेटू.

मुग्धा_पुणे
अभिनंदन! तो क्लिपवाला सांधा खालच्या बाजूने आरसा लावून बघायला सांगा, माझाही तिथेच चिरला होता.

कोथरूडकर_काका
अभिनंदन. एफडी कुठल्या बँकेत केलीत, व्याज किती मिळतंय?

सत्यशोधक_४२०
ई२० चं उत्तर शेवटपर्यंत कुणीच दिलं नाही.

निलेश_सोलापूर
माझाही सेम प्रश्न आहे, पण बजेट ५ लाख आणि ऑटोमॅटिकच पाहिजे. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?